तरंगलं म्हणून टाकू का?

मे महिन्यात दुपारी तीनला बेल वाजली की समजायचं शेजारच्या काकू. हातात पातेलं, पातेल्यात पाणी, आणि पाण्यात पाच अंडी. त्यातली दोन अगदी सूज्ञपणे तळाशी झोपलेली, दोन टोकावर उभी आणि एक वर, कॅरमच्या सोंगटीएवढं डोकं पाण्याबाहेर काढून तरंगत होतं. "अगं हे तरंगतंय, टाकू का? बाकीची चालतील ना?"

मी खूप वर्षं "टाका" असंच सांगत आले होते, कारण माझी आई तसं सांगायची आणि व्हॉट्सॅपवरही तसंच फिरत असतं, बुडालं तर ताजं, उभं राहिलं तर लवकर संपवा, तरंगलं तर फेका. पण त्या दिवशी स्वयंपाक झाला होता, काकूंनाही वेळ होता, म्हटलं चला एकेक वाटीत फोडून बघूच. पाचही फोडली. तरंगणारं पाणीदार झालं होतं, बलक चपटा, पण वास काही नाही. आणि तळाशी गपगुमान झोपलेल्या दोघांपैकी एक फोडल्याबरोबर आम्ही दोघी खिडकीकडे पळालो. त्याला बारीक केसासारखा तडा होता, दुकानातूनच आलेला असणार, पाण्यात दिसलाच नाही. काकू म्हणाल्या, "म्हणजे हे पाण्याचं सगळं खोटंच की गं."

खोटं नाहीये, पण ते जे सांगतं ते आपण विचारलेलंच नसतं. हे नीट कळायला मला एक उन्हाळा, एक पावसाळा आणि चार-पाच अंडी लागली, त्याचीच ही गोष्ट.

आधी ती हवा कुठून येते ते. कोंबडी अंडं घालते तेव्हा ते तिच्या अंगाएवढं गरम असतं, म्हणजे चाळीस-एक्केचाळीस डिग्री, आणि आत हवेची जागा जवळजवळ नसतेच, कवच गच्च भरलेलं असतं. मग ते बाहेर गार व्हायला लागतं तसं आतलं द्रव आकसतं, कवच तर आकसत नाही, म्हणून बोथट टोकाला कवचाच्या आतले दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटीत बाहेरची हवा ओढली जाते. उकडलेलं अंडं सोलताना बोथट बाजूला जो खळगा दिसतो ना, तो हाच. कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो भोकं असतात, सात-दहा हजारांच्या घरात, आणि बोथट टोकाला ती जास्त दाट, त्यामुळे हवा तिथूनच शिरते.

पुढे मग रोज थोडं थोडं पाणी त्याच भोकांतून वाफ होऊन बाहेर जातं आणि गेलेल्या पाण्याची जागा हवा घेते. एक ग्रॅम पाणी गेलं की साधारण एक मिली हवा आत. अंड्याचा आकार तेवढाच, वजन मात्र कमी, म्हणून ते हलकं होत जातं. हवा सगळी एका टोकाला साठत असल्यामुळे आधी ते टोक उचललं जातं, अंडं तिरकं होतं, मग निमुळत्या टोकावर उभं राहतं आणि शेवटी तळ सोडतं. सगळी परीक्षा एवढीच आहे. पाण्याला अंड्याच्या चवीचं, वासाचं, जंतूंचं काही कळत नाही, त्याला फक्त वजन कळतं.

किती पाणी गेल्यावर तरंगतं हे मला घरी मोजायचं होतं. मसाले मोजायला घेतलेला छोटा काटा होता, 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. ओळखीच्या एकांच्या पोल्ट्रीतून त्याच दिवशी सकाळी घातलेली दोन अंडी आणली, दुकानातली घेऊन उपयोग नव्हता कारण ती कधीची हे दुकानदारालाही माहीत नसतं, तो कायम "काल रात्रीच गाडी आली ताई" म्हणतो. अंड्यांवर पेन्सिलने नंबर टाकले. पहिल्याचं वजन 54.2 ग्रॅम. आता त्याचं आकारमान काढायचं तर एक सोपी युक्ती आहे, काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करायचा आणि अंडं दोऱ्याच्या शिंक्यात घालून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असं धरायचं. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिली त्याचं आकारमान. माझ्या शिंक्यातून अंडं दोनदा सुळकन निसटलं, तिसऱ्यांदा जमलं. 50 आलं.

म्हणजे 50 मिली पाण्याचं वजन 50 ग्रॅम आणि तेवढ्याच आकाराचं अंडं 54.2 चं, म्हणून ते बुडतं. ते तरंगायला हवं तर 4.2 ग्रॅम पाणी उडून जायला हवं. चहाच्या चमच्याला जरा कमीच. हा आकडा बघून मी थोडा वेळ तशीच बसले होते, कारण इतकी वर्षं जे "ताजं की सडकं" म्हणून चाललं होतं ते खरं म्हणजे चमचाभर पाणी उडालं की नाही, एवढंच होतं.

मग प्रश्न उरतो तो हे चमचाभर पाणी उडायला किती दिवस लागतात. याचं उत्तर आपल्या गॅलरीतल्या दोरीवर असतं. पुण्यात मे महिन्यात जाड चादर सुद्धा तासाभरात खडखडीत वाळते आणि जुलैत साधा रुमाल दोन दिवस ओला राहतो. अंडं तसंच वाळतं, बाहेरची हवा किती गरम आणि किती कोरडी त्यावर. पहिलं अंडं मी ओट्याच्या कोपऱ्यात उघडं ठेवलं, आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावरचा, दुपारी स्वयंपाकघर म्हणजे भट्टी. रोज साधारण 0.3 ग्रॅम जात होते, जवळजवळ ठरल्यासारखे. चौथ्या दिवशी पातेल्यात तिरकं, आठव्या दिवशी जवळजवळ उभं, आणि पंधराव्या दिवशी सकाळी वजन 49.9, पाण्यात सोडलं तर तरंगलं. फोडलं. पांढरं सगळ्या बशीभर पसरलं, बलक चपटा पण अख्खा होता, वास नाही. खाल्लं नाही, कढीपत्त्याच्या कुंडीत गेलं, त्या दिवसांत बत्तीस-तेहेतीस डिग्रीला पंधरा दिवस राहिलेलं अंडं कुणी खावं असं मी सांगणार नाही. पण "तरंगलं म्हणजे सडलं" हे त्याच्या बाबतीत खरं नव्हतं एवढं नक्की.

दुसरं अंडं, 55 ग्रॅमचं, फ्रिजमध्ये होतं. पंधरा दिवसांत त्याचं पाऊण ग्रॅम सुद्धा धड गेलं नव्हतं. थंड हवेत वाफच कमी होते, फ्रिजची हवा कोरडी असली तरी. सहा आठवड्यांनी दोन ग्रॅम गेले होते, पाण्यात ते टोकावर उभं राहायच्या बेतात होतं पण तळाशीच होतं. त्याच चालीने तरंगायला त्याला तीन महिने लागले असते. म्हणजे एकाच शेडमधली, एकाच सकाळची दोन अंडी, एक पंधरा दिवसांत तरंगतं, दुसरं दीड महिन्यानंतरही बुडतं. आणि गंमत म्हणजे फ्रिजमधलं ते सहा आठवड्यांचं फोडल्यावर ओट्यावरच्या पंधरा दिवसांच्या अंड्यापेक्षा कितीतरी बरं निघालं, बलक छान फुगीर.

इथपर्यंत कुणी म्हणेल की बरोबर आहे की मग, तरंगणारं जास्त खराब होतं, परीक्षा पास. मला पण तसंच वाटलं होतं, जुलैमध्ये कुडाळला माहेरी जाईपर्यंत.

तिथे अंगणातल्या कोंबडीचं त्याच दिवशीचं गावरान अंडं घेतलं, 43 ग्रॅमचं, छोटंसं. आकारमान 39.6. काटा मी बॅगेतून घेऊन गेले होते, वहिनी अजून हसते त्यावरून. अंडं कोनाड्यात ठेवलं. बाहेर पाऊस असा की मीठाच्या बरणीत पाणी सुटलेलं, पापड सादळलेले, कपड्यांना ओला वास. हवेतच एवढं पाणी असल्यावर अंड्यातलं जाणार कुठे? एकवीस दिवसांत उणंपुरं 0.8 ग्रॅम गेलं. पाण्यात सोडलं तर छानपैकी तळाशी, जरासं तिरकं, व्हॉट्सॅपच्या चित्रात "आठवड्याभराचं, उत्तम" म्हणून दाखवतात अगदी तसं. फोडलं तर पांढऱ्याचं पाणी झालेलं, बलक वाटीत पडतानाच फुटला, आणि एक कुबट वास, सडका म्हणता येणार नाही पण नाक मागे जाईल असा. पुण्यात तरंगलेलं अंडं याच्यापेक्षा चांगलं होतं.

याचं कारण असं की अंडं "शिळं" होतं ते वेगळ्याच रस्त्याने. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, अगदी ताज्याचं पांढरं म्हणूनच जरा दुधट दिसतं. तो वायू भोकांतून हळूहळू निघून जातो, पांढऱ्याचा पीएच साडेसातच्या आसपास असतो तो नवाच्या वर चढतो, आणि बलकाभोवतीच्या घट्ट पांढऱ्याला धरून ठेवणारी प्रथिनांची जाळी सुटत जाते. म्हणून पांढरं पातळ होतं. बलकाची पिशवीही सैल पडते. हे सगळं उष्णतेने पळतं आणि थंडीने रेंगाळतं, त्याला हवेतल्या दमटपणाचं फारसं काही पडलेलं नसतं. म्हणजे दोन घड्याळं आहेत. एक सुकण्याचं, ते गरमी आणि कोरडेपणा दोन्हीवर चालतं. दुसरं आतून सैल पडण्याचं, ते मुख्यतः गरमीवर. उन्हाळ्यात दोन्ही पळतात, फ्रिजमध्ये दोन्ही रेंगाळतात, म्हणून पाण्याची परीक्षा तिथे बऱ्यापैकी जुळते. कोकणातल्या पावसाळ्यात पहिलं घड्याळ जवळजवळ बंद पडतं आणि दुसरं चालूच राहतं, आणि आपण बंद पडलेल्या घड्याळात वेळ बघतो.

एक गैरसमज मात्र मला मुळातच चिडवतो, तो म्हणजे "सडल्यावर आत गॅस तयार होतो म्हणून अंडं तरंगतं". नुसता गॅस तयार होऊन काही होत नाही हो. कवच फुग्यासारखं फुगत नाही, आकार तेवढाच, आणि आतल्या आत द्रवाचा गॅस झाला तरी वजन तेवढंच. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात इडलीचं पीठ आंबलं म्हणून डबा हलका होतो का? हलकं व्हायचं तर काहीतरी बाहेर जायला हवं. सडक्या अंड्यातला गॅस भोकांतून निसटतो, पाणीही तोवर बरंच गेलेलं असतं, म्हणून जुनी सडकी अंडी तरंगतात हे खरं. पण काकूंच्या तडा गेलेल्या अंड्यासारखं चार दिवसांत जंतू शिरून नासलेलं अंडं दगडासारखं बुडतं, आणि साल्मोनेलाचं तर विचारूच नका, तो असलेलं अंडं अगदी ताजं, तळाशी आडवं, वासाला स्वच्छ असू शकतं. त्याला पातेल्यातलं पाणी पकडू शकत नाही, त्याला नीट शिजवणं हाच उपाय.

अजून एक छोटी भानगड, सगळी अंडी मुळात सारख्या वजनदार सुरुवातीची नसतात. आकाराच्या मानाने कवच हाच अंड्यातला सगळ्यात जड भाग. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, त्यात त्यांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारा माल कमी पडतो, कवच पातळ होतं. म्हाताऱ्या कोंबडीचंही तसंच. असं पातळ कवचाचं अंडं पहिल्या दिवशीच थोडं हलकं असतं आणि लवकर तरंगतं.

मग करायचं काय? माझ्या आजीने हे कधीच सांगून ठेवलं होतं, मीच विसरले होते. ती पाण्यात बघायचीच नाही. "पाण्यात काय बघतंस गो, उजेडाक धर" म्हणायची. माजघरातल्या अंधारात, दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची तिथे अंडं धरायची, मुठीचं नळकांडं करून त्याच्या तोंडावर बोथट टोक वर करून, आणि एका डोळ्याने बघायची. मी आता मोबाइलचा टॉर्च वापरते. रात्री दिवे घालवून अंड्याचं बोथट टोक टॉर्चवर टेकवायचं, आजूबाजूने बोटांनी उजेड झाकायचा. अंडं नारिंगी पेटतं आणि बोथट टोकाला एक फिकट टोपी दिसते, तिची कडा अगदी स्पष्ट. पेन्सिलने त्या कडेवरून रेघ मारायची, आणि टोकापासून रेघेपर्यंतची खोली पट्टीने अंदाजे मोजायची. पांढऱ्या अंड्यात हे मस्त दिसतं, गडद कवचाच्या गावरानात जरा डोळे ताणावे लागतात.

आपल्याकडच्या अॅगमार्कच्या प्रतवारीत ए प्रतीच्या अंड्याला ही टोपी 4 मिलीमीटर खोलीपर्यंत चालते आणि बी प्रतीला 8 पर्यंत. मी कागदावर हिशोब करून बघितला, साधारण पन्नास मिलीच्या अंड्यात 4 मिमी खोल टोपी म्हणजे जेमतेम एक मिली हवा, आणि 8 मिमी म्हणजे पावणेचारच्या आसपास. आणि तरंगायला लागतात चार-सव्वाचार. म्हणजे अंडं तरंगेपर्यंत ते ए मधून बाहेर पडून बी सुद्धा ओलांडून गेलेलं असतं! बुडलं म्हणून आपण खूश होतो, पण बुडणाऱ्यात पहिल्या दिवसाचं आणि बी प्रतीच्या शेवटच्या टोकाचं अशी दोन्ही असतात. टॉर्चमध्ये हा फरक दिसतो, तडा दिसतो, आणि अंडं हळूच फिरवलं की बलकाची सावली किती सैल पळते तेही दिसतं. सावली जागच्या जागी, धूसर, म्हणजे पांढरं अजून घट्ट आहे. झर्रकन फिरली आणि कडा ठळक दिसल्या, तर पांढरं पातळ झालंय. पावसाळ्यात टोपीपेक्षा मी या सावलीवर जास्त भरवसा ठेवते.

आणि शेवटी वाटी आहेच. सगळी अंडी थेट पॅनमध्ये किंवा केकच्या पिठात न फोडता आधी एका वाटीत एकेक फोडायचं, हे आमच्या घरी लहानपणापासून आहे, एका नासक्या अंड्यापायी अख्खं मिश्रण फेकायची वेळ ज्याच्यावर आली त्याला हे सांगावं लागत नाही. नाक चुकत नाही सहसा.

पाण्यात बघायचंच असेल तर बघा, मी पण फ्रिजमधल्या अंड्यांचं अजून बघते, कोणतं आधी वापरायचं ते लावायला बरं पडतं. तरंगणं-बुडणं सोडून तिरकेपणा बघायचा, जास्त उभं ते आधी संपवायचं. पण पाण्यात घातलेलं अंडं परत ट्रेमध्ये ठेवू नका, लगेच वापरा. कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो तो ओलं करून चोळलं की जातो, आणि ओट्यावरचं गरम अंडं गार पाण्यात घातलं की आतलं आकसतं आणि कवचावरची घाण पाण्याबरोबर भोकांतून आत ओढली जाते. तीच ती पहिल्या दिवसाची हवा ओढण्याची क्रिया, फक्त या वेळी हवेच्या जागी मळकं पाणी. काकूंनी नळाखाली घासून धुऊन मग आठवडाभर ठेवलेली अंडी मी बघितली आहेत, त्यांना वाटायचं स्वच्छ ठेवतोय.

आजी पाण्यात अंडी सोडायची नाही असं वर म्हटलं खरं, पण एका वेळी सोडायची. खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांना अठरा-एकोणीस दिवस झाले की. कोंबडीखालच्या उबेत एवढ्या दिवसांत अंड्याचं दहा-बारा टक्के वजन गेलेलं असतं आणि ते जायलाच हवं असतं, कारण ती हवा पिलासाठी असते. विसाव्या दिवसाच्या आसपास पिलू चोचीने आतला पापुद्रा फोडून त्या हवेच्या जागेत तोंड घालतं आणि पहिला श्वास तिथे घेतं, कवच फोडायच्या आधी. पाणी कमी उडालं तर जागा छोटी पडते आणि पिलू आत गुदमरतं.

आजी परातीत हाताला सोसेल असं कोमट पाणी घ्यायची आणि एकेक अंडं अलगद सोडायची. चोच लागून कवचाला खाच पडलेली आधीच बाजूला, ती पाण्यात नाही. काकूंच्या नियमाने फेकून द्यावीत अशी सगळीच्या सगळी अंडी तरंगायची. आम्ही पोरं परातीभोवती उकिडवी, श्वास रोखून. पाणी शांत व्हायचं. मग त्यातलं एखादं, कुणी हात न लावता, टुणकन हलायचं.